अक्षरी एकोणसाठ

चेक हातात आला की रशीदा आधी अक्षरं वाचायची, आकडा मागाहून. बाकीचे सगळे आधी आकड्याकडे बघतात, कारण आकडा चौकटीत ठसठशीत बसलेला असतो आणि अक्षरं वाचायला वेळ लागतो. पण एकदा आकडा डोळ्यात शिरला की माणूस अक्षरांत तोच वाचतो, समोर काहीही लिहिलेलं असो. हे तिला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तेव्हापासून ती डाव्या हाताच्या अंगठ्याने आकड्याची चौकट झाकायची, अक्षरं ओठांतल्या ओठांत वाचायची आणि मग अंगठा काढायची. शाखेतली पोरं तिच्या माघारी या अंगठ्याची नक्कल करायची. करोत बापडी. वर्षभरात तिच्या टेबलावरून एकही वाकडा चेक सुटला नव्हता, आणि हेड ऑफिसच्या कागदावर तसं कौतुकही आलं होतं.

सोलापूरच्या या सहकारी बँकेत चेक मराठीत लिहून येणं काही नवीन नव्हतं. जुने व्यापारी, कारखानदार, पेठेतले आडते अजून मराठीतच लिहायचे. आणि सोलापूर म्हटलं की मराठी लिहिणारा घरात मराठीच बोलत असेल असं थोडंच आहे? कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या कानडी. रशीदाच्या घरात दख्खनी. तिला मराठीतल्या ‘एकोण’ने कधी त्रास दिला नाही, कारण उर्दूतही उनसठ म्हणजे साठाला एक कमी. पण कानडीत सरळ मोजतात, पन्नास आणि नऊ, साठ आणि नऊ. त्यामुळे कानडी गिऱ्हाइकाच्या हातून ‘एकोण’ची गफलत व्हायचीच. शब्दात साठ ऐकू येतं, म्हणजे साठाच्या पुढचंच काहीतरी असणार, असा त्यांचा हिशेब. असे चेक महिन्याला एकदोन यायचे. ती परत करायची, गिऱ्हाईक हसत डोक्याला हात लावायचं आणि दुसरा चेक लिहून द्यायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर वच्छला तळेकर खिडकीशी आली. साठीच्या आसपासची, काटक बाई. पदराच्या आड प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रात चेक. मूळची केम गावची, पण अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवण्यात तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं. कारखाना सिद्धलिंगप्पांचा. चेकही त्यांचाच. खातंही याच शाखेत, त्यांचंही आणि तिचंही.

“म्याडम, आज जमा हुईल न्हवं?” तिने विचारलं. “सोमवारी रजिष्टरला जायचंय. खोली घेतोय आमी, ऱ्हातोय तीच. खोलीच्या मालकानं निम्मे पैसे सोमवारी मागितल्यात, न्हाय दिलं तर इसार बुडाला आन खोली दुसऱ्याला.”

“कुणासाठी एवढी घाई?” रशीदाने चेक हातात घेता घेता विचारलं.

“आमच्या घरधन्यासाठी की. हिंदुरावांचं एक अंग गेलंय. दुसरीकडं कुटं गेलं तर माडी चढायची. ही खोली खाली हाय, दारातच नळ. खुरडत का हुईना, त्येंचं ते जात्यात.”

रशीदाने अंगठा ठेवला आणि वाचलं. ‘रुपये दोन लाख एकोणसाठ हजार फक्त.’ अक्षर थरथरतं, पण जपून काढलेलं. तिने अंगठा काढला. २,६९,०००.

तिने पुन्हा वाचलं. वच्छला तिच्या तोंडाकडे बघत होती. दवाखान्यात रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरकडे बघतात तशी.

“मावशी, हे पैसे कशाचे?”

“ग्रॅच्युटी म्हनत्यात ती. सिद्धलिंगप्पा आज्जांनी सोता घरी बोलावून दिला. म्हनले, वच्छला, तुझं नाव मी हजेरीत कधी घातलं न्हाय, ते पाप माझं. आता पोरं कारखाना बघत्यात, त्येंच्या हातात जायच्या आदी तुझं तुला देतो.” तिने पदर सावरला. “आमच्यातल्या कुना बाईला असलं मिळालं न्हाय, म्याडम. पयलीच मी.”

तारीख बरोबर, सही बरोबर. स्क्रीनवर नमुन्याची सही आणि चेकवरची सही शेजारी शेजारी ठेवून बघितली; म्हाताऱ्याचा हात कापरा झाला होता तरी शेवटचा तो आडवा फराटा त्याचाच होता. खात्यात शिल्लक भरपूर. अडला होता तो फक्त एक शब्द.

मॅनेजर लग्नासाठी लातूरला गेले होते. शाखा आज रशीदाच्या ताब्यात होती.

पलीकडच्या टेबलावरून नईम उठून आला. कॅशचा हेड, तिच्याहून वयाने मोठा, पण बढतीत मात्र तिच्या मागे राहिलेला. का राहिला ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने एक चेक पास केला, त्यात आकड्यात एक शून्य नंतर वाढवलेलं होतं. अक्षरांकडे त्याने बघितलंच नव्हतं. चौकशी झाली, पगारातून वसुली झाली आणि अजूनही चालू होती. रशीदाला त्या चौकशीत साक्षीदार म्हणून बसवलं होतं. नईमने त्या खोलीत मान खाली घालून काढलेला तास ती विसरली नव्हती.

त्याने तिच्या खांद्यावरून चेक वाचला आणि हळू आवाजात म्हणाला, “आपा, कायदा अक्षराला धरतो. दोन्हींत फरक असला तर अक्षरी रक्कम खरी. दोन एकोणसाठची नवी स्लिप भरून घ्या बाईंकडून आणि टाका खात्यात. एकाच शाखेतली दोन खाती, क्लिअरिंगचाही प्रश्न नाही.”

“हेड ऑफिसचं सर्क्युलर आहे. न जुळणारा चेक परत करायचा.”

“सर्क्युलरमध्ये ‘शक्यतो’ लिहिलंय.”

“तुम्ही सांगताय हे? तुम्ही?”

नईमने तिच्याकडे नीट पाहिलं. “माझ्या चेकमध्ये लबाडी होती, आपा. यात नाही. हा म्हातारा कानडी आहे, बस्स.”

हे तिलाही कळत होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण तिच्या डोळ्यांसमोर चौकशीची खोली आली, हिरवं टेबल आलं आणि एकच प्रश्न आला: मॅडम, तुम्हाला दिसलं होतं ना की जुळत नाही? मग पास का केला? तिने फोन उचलला आणि सिद्धलिंगप्पांच्या घरचा नंबर फिरवला.

बराच वेळ वाजल्यावर म्हाताऱ्यानेच उचलला. तिने सगळं सांगितलं. पलीकडून खोकल्यासकट हसू आलं.

“अय्यो! एकोणसाठ म्हणजे अरवत्तोंबत्तु अल्ला, नाही का? साठ आणि नऊ?”

“नाही आज्जा. साठाला एक कमी. पन्नास आणि नऊ.”

“हौदा? असं होय? एवढी वर्षं झाली, तुमची मराठी काय मला धड येत नाही बघा. मला एकोणसत्तर द्यायचेत. बरं असं करा की, अक्षरात लिवलंय तेवढं तिला आज द्या. उरलेले दहा मी रोख पाठवतो. तिचं काम अडवू नका.”

“फोनवर सांगून चालत नाही, आज्जा. नवीन चेक लिहून पाठवा, मी थांबते पाहिजे तर.”

“चेकबुक थोरल्याकडं, मल्लिनाथकडं, कारखान्यात. तो गेलाय हैदराबादला, परवा रात्री येतो. हा एक मी मागून ठेवला होता.” तो दम घ्यायला थांबला. “मला डॉक्टरनं खाली उतरायचं नाही म्हणून सांगितलंय, नाहीतर मीच आलो असतो. अक्षर माझं आहे ना? सही माझी आहे ना? मग?”

शिपाई नाहीतर नईम स्कूटरवर जाऊन एका चिठ्ठीवर सही घेऊन येऊ शकत होता; अर्ध्या तासाचं काम. हे तिला त्याच क्षणी सुचलं होतं. पण चिठ्ठीवर सही घेणंही नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नाही ते करायचं नाही, एवढंच तिने त्या चौकशीतून उचललं होतं. ती म्हणाली, “सोमवारी सकाळी नवीन चेक पाठवा आज्जा, दहा मिनिटांत करून देते.”

“सोमवारी,” म्हातारा म्हणाला. “बरं.”

वच्छलाला सगळं ऐकू गेलं होतं. ती खिडकीच्या कठड्याला धरून पुढे वाकली. “दहा हजार कमी द्या, म्याडम, पर आज द्या की. कमी पडतील ते मी बघते कुटनंबी. आज्जा बी हो म्हनल्यात न्हवं?”

“मावशी, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. उद्या चौथा शनिवार, परवा रविवार. सोमवारी पहिलं काम तुमचं. खोलीच्या मालकाला दुपारची वेळ सांगा.”

“चेक तर चांगला हाय म्हनता.”

“चांगलाच आहे. पण जुळत नाही.”

तिने परतीचा मेमो काढला. कारणांच्या छापील यादीत योग्य ओळीसमोर खूण केली: अक्षरी व अंकी रक्कम जुळत नाही. मेमोत तळाशी ‘शेरा’ म्हणून एक रिकामी ओळ असते. बहुतेक लोक ती तशीच सोडतात. रशीदाचं काम चोख. तिने त्या ओळीवर लिहिलं, ‘खातेदाराशी फोनवर संपर्क केला. रकमेबाबत त्यांचा गोंधळ झाल्याचे त्यांनी मान्य केले.’ सही केली, शिक्का मारला. एक प्रत चेकला टाचून वच्छलाला दिली, एक फाइलमध्ये लावली. उद्या कुणी विचारलं तर कागद तयार होता. नईम आपल्या जागेवर जाऊन नोटा मोजायला लागला. मशीन सोडून तो हाताने मोजत होता, रागावला की तो तसंच करायचा.

वच्छलाने चेक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. “जुळत न्हाय,” ती स्वतःशीच म्हणाली आणि निघाली. कधीतरी न जुळलेला टॉवेल उसवून पुन्हा शिवावा लागतो, तसंच हे असावं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. रशीदाला बरं वाटलं. दोन दिवसांनी काय मोठं आभाळ कोसळणार होतं?

रविवारी पहाटे सिद्धलिंगप्पा गेले.

रशीदाला ते सोमवारी सकाळी बँकेच्या पायऱ्या चढताना कळलं. वच्छला शटरशेजारी बसली होती. कालपासून तिने काही खाल्लं नसावं, ओठ सुकले होते. रशीदाला पाहून ती लगबगीने उठली.

“आज्जा गेले, म्याडम. काल मातीला जाऊन आले.” तिने पिशवी पुढे केली. “पर चेक हाय की. सही जित्तेपनीची हाय. आता अक्षराचं द्या न्हाय तर आकड्याचं द्या, काय बी द्या.”

रशीदा तिथेच पायरीवर थांबली. खातेदार वारल्याचं बँकेला कळलं की त्याच्या चेकवर पैसे देता येत नाहीत. यात ‘शक्यतो’ नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही. आणि वच्छलानेच ते आता तिला सांगितलं होतं. न सांगता तिने नुसता चेक पुढे केला असता, तर? हा विचार मनात आला आणि रशीदाला स्वतःची किळस आली; कारण तशीही तिने तो परतच केला असता. जुळत नव्हताच तो.

“आत चला,” एवढंच ती म्हणाली.

थोड्या वेळाने मल्लिनाथ आला. सिद्धलिंगप्पांचा मोठा मुलगा, पन्नाशीचा, डोळे जागरणाने लाल. सोबत वकील नव्हता, आवाजात गुर्मी नव्हती. वडील गेलेल्या माणसासारखाच तो दिसत होता, आणि म्हणून त्याच्यावर रागावणंही रशीदाला जमेना. डॉक्टरांचा दाखला त्याने टेबलावर ठेवला, खातं थांबवण्याचा अर्ज दिला. मग वच्छलाकडे बघून म्हणाला, “ह्या बाईंचा काही चेक होता म्हणे. कालपासून घरी येऊन सांगतायत.”

“होता,” रशीदा म्हणाली. “आज्जांनी ग्रॅच्युइटी म्हणून दिला होता.”

“ग्रॅच्युइटी? हजेरीपटात नाव नाही, पगारपत्रकात नाही. सुट्टं काम करायच्या त्या, नगावर. अशा पंचवीस बायका होत्या. एकीला दिलं तर उद्या पंचवीस दारात उभ्या राहतील.”

“आज्जांनी सोता लिवून दिलाय, मालक,” वच्छला म्हणाली. “तुमच्या आईसमोर.”

“दाखवा बरं.”

तिने वर्तमानपत्र उलगडलं. मल्लिनाथने चेक वाचला, मग त्याला टाचलेला मेमो वाचला. मेमो त्याने दुसऱ्यांदा वाचला, सावकाश. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. खिशातून मोबाइल काढून त्याने दोन्हींचे फोटो घेतले.

“हे तुम्ही लिहिलंय, मॅडम?”

“हो.”

“‘रकमेबाबत त्यांचा गोंधळ झाल्याचे त्यांनी मान्य केले.’” त्याने मोठ्याने वाचलं. “म्हणजे अप्पांना काय लिहितोय ते कळत नव्हतं. आम्ही घरात वर्षभर हेच म्हणतोय, पण सांगणार कुणाला? बरं झालं, बँकेनेच लिहून दिलं. माझ्या वकिलांना याची शिक्क्याची प्रत लागेल.”

“तसं नाही,” रशीदा म्हणाली. “गोंधळ फक्त शब्दाचा होता. एकोणसाठ की एकोणसत्तर. आकडा त्यांना पक्का माहीत होता. द्यायचे होतेच त्यांना. अक्षरी आहेत तेवढे आजच द्या असंही म्हणाले ते मला.”

“ते यात लिहिलंय?”

ते लिहिलं नव्हतं. शेऱ्याच्या ओळीत तेवढीच जागा होती. आणि खरं सांगायचं तर, जागा असती तरी तिने लिहिलं नसतं. खातेदार द्या म्हणत असताना आपण दिले नाहीत, असं स्वतःच्या हाताने कोण लिहून ठेवतो? स्वतःला वाचवायला जेवढं लागतं तेवढंच तिने लिहिलं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

“नाही,” ती म्हणाली.

“मग झालं तर.” मल्लिनाथ उठला. जाताना वच्छलापाशी थांबून, अगदी मवाळ आवाजात त्याने तिला तेराव्याच्या जेवणाला यायला सांगितलं.

नईम मघापासून कॅशच्या जाळीमागून ऐकत होता. आता तो बाहेर आला. वच्छलाला त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. “लेबर ऑफिसात अर्ज करता येतो, मावशी. शेजारच्या बायका साक्ष देतील. वेळ लागेल, पण करता येतो.”

“किती येळ?”

नईमने रशीदाकडे बघितलं. “दोन-चार वर्षं,” तो म्हणाला.

दोन-चार वर्षांत हिंदुराव माडी चढायला शिकणार नव्हते.

“मी येईन साक्षीला,” रशीदा एकदम म्हणाली. “फोनवर ते काय म्हणाले ते सगळं सांगेन. बँकेने नको म्हटलं तरी सांगेन. माझी चूक झाली, मावशी. मला देता येत होते, मी दिले नाहीत.”

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. वच्छला तिच्याकडे बघत राहिली, राग नव्हता त्या बघण्यात, नीट न कळल्यासारखं काहीतरी होतं. मग तिने चेक टेबलावर सरळ केला आणि शिवणीच्या सुईने घट्टे पडलेलं बोट त्यावर ठेवलं.

“मला वाचता येत न्हाय. एक सांगा. आकडा आन अक्षर, दोन्हीत कमी कंचं हुतं?”

“अक्षर.”

“आन खरं कंचं धरत्यात म्हनलं हे भाऊ, त्या दिशी?”

“अक्षर.”

“मंजी कमी हुतं तेच खरं हुतं,” वच्छला म्हणाली. “आन मी कमीच मागत हुते की, म्याडम.”

तिने चेक आणि मेमो घडी घालून वर्तमानपत्रात ठेवला, वर्तमानपत्र पिशवीत ठेवलं. दुपारी खोलीच्या मालकाला भेटायचं होतं, इसाराचे निम्मे तरी परत देतोस का म्हणून विचारायला. ती गेल्यावर शिपायाने सकाळचे चेक आणून रशीदाच्या टेबलावर ठेवले. तिचा अंगठा आपसूक पहिल्या चेकच्या चौकटीवर गेला, आणि कितीतरी वेळ तिथून हलला नाही.